दहा सेकंदांचं गाणं, आख्ख्या व्हिडिओची कमाई

जून २००९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहरात एक लग्न झालं. करवल्या, नवरदेवाचे मित्र आणि सरतेशेवटी खुद्द नवरा-नवरी क्रिस ब्राऊनच्या ‘फॉरएव्हर’ या गाण्यावर नाचत चर्चमध्ये आले. पुढच्या महिन्यात त्या नाचाचा व्हिडिओ यूट्यूबवर आला आणि दोन आठवड्यांच्या आत तो एक कोटीहून जास्त वेळा पाहिला गेला. गाणं वापरण्याची परवानगी कोणी घेतलेली नव्हती. गाण्याच्या हक्कधारकांनी मनात आणलं असतं तर तो व्हिडिओ त्यांना तिथल्या तिथे बंद पाडता आला असता. त्यांनी तो चालू ठेवला, त्यावर जाहिराती लावल्या आणि गाणं विकत घेण्यासाठी खाली दुवा दिला. वर्षभर जुनं झालेलं ते गाणं आयट्यून्सच्या यादीत चौथ्या आणि ॲमेझॉनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. जाहिरातींचा पैसा हक्कधारकांकडे गेला.

आज हा मार्ग अपवादाचा राहिलेला नाही, तोच नेहमीचा झाला आहे. यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेतून जे कॉपीराइटचे दावे होतात, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त दाव्यांत हक्कधारक व्हिडिओ काढायला सांगत नाहीत, त्यातून होणारी कमाई आपल्याकडे वळवतात. २०२४ च्या अखेरपर्यंत अशा रीतीने हक्कधारकांना १२ अब्ज डॉलर दिले गेल्याचं यूट्यूबने जाहीर केलं आहे. हा पैसा ज्या व्हिडिओंमधून आला, ते लाखो लोकांनी आपापल्या घरी, शेतात, स्टुडिओत बसून बनवले होते. म्हणूनच तो नेमका कसा वळतो, कुठल्या टप्प्यावर अडवता येतो आणि कुठल्या टप्प्यानंतर कायमचा जातो, हे व्हिडिओ बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

दावा येतो कुठून?

या यंत्रणेचं नाव कंटेंट आयडी. २००६ मध्ये गुगलने यूट्यूब विकत घेतलं. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये व्हायाकॉम या मनोरंजन कंपनीने एक अब्ज डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंटेंट आयडी सुरू झालं. हक्कधारक आपल्या गाण्याची किंवा चित्रपटाची मूळ फाइल यंत्रणेकडे सोपवतो. यंत्रणा त्या फाइलचा डिजिटल ठसा तयार करून ठेवते. मग चढवला जाणारा प्रत्येक व्हिडिओ या ठशांशी ताडून पाहिला जातो. कुठे जुळणी सापडली, की हक्कधारकाने आधीच ठरवून दिलेला आदेश लागू होतो: व्हिडिओ बंद करा, नुसती आकडेवारी पाहा किंवा कमाई माझ्याकडे वळवा. हा आदेश देशागणिक वेगळा असू शकतो. एकच व्हिडिओ भारतात जाहिरातींसह दिसतो आणि दुसऱ्या एखाद्या देशात दिसतच नाही, असं त्यामुळे घडतं.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली अशी, की हा दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. स्ट्राइक हा चॅनलवरचा ठपका असतो आणि नव्वद दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. कमाई वळवणाऱ्या दाव्याने चॅनलला धक्का लागत नाही, फक्त त्या एका व्हिडिओचा पैसा कुणाला मिळणार हे बदलतं. दुसरी गोष्ट, जुळणी जुन्या व्हिडिओंशीही होते. एखाद्या कंपनीने आपला जुना संग्रह आज यंत्रणेत घातला, तर तुमच्या चार वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर आज दावा येऊ शकतो. तोवर मिळालेले पैसे तुमचेच राहतात. दावा लागल्या दिवसापासूनचे मात्र दुसरीकडे जातात.

पैशाची वाट

दावा नसताना हिशेब सरळ असतो. यूट्यूबच्या भागीदारी कार्यक्रमात असलेल्या चॅनलला, नेहमीच्या लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के मिळतात आणि ४५ टक्के यूट्यूब ठेवून घेतं. कमाई वळवणारा दावा लागला, की यूट्यूबचा वाटा शाबूतच राहतो. चॅनलकडे जाणारा प्रवाह तेवढा हक्कधारकाकडे वळतो. हक्कधारकाच्या हाती किती टक्के पडायचे, ते त्याच्या आणि यूट्यूबच्या आपसातल्या करारावर ठरतं. प्रीमियमच्या वर्गणीतून त्या व्हिडिओच्या वाट्याला येणारी रक्कमही याच वाटेने जाते. चॅनल भागीदारी कार्यक्रमात नसलं, त्याला कधी एक पैसाही मिळत नसला, तरी दावेदार त्यावर जाहिराती लावून कमाई करू शकतो.

सगळ्यात जास्त खटकणारी बाब म्हणजे वाटणीचं प्रमाण. वीस मिनिटांच्या व्हिडिओत दहा सेकंद कुणाचं गाणं असलं, तर दहा सेकंदांपुरता वाटा जाईल असं सामान्य माणसाला वाटतं. प्रत्यक्षात आख्ख्या व्हिडिओची कमाई जाते. जुळणी किती लांबीची झाली तर दावा लावायचा, हे हक्कधारक ठरवू शकतो, पण एकदा दावा लागला की मधली पायरी सहसा नसते. २०१९ मध्ये यूट्यूबने थोडी दुरुस्ती केली. माणसाने स्वतः व्हिडिओ पाहून हाताने लावलेल्या दाव्यात, अगदी छोट्या तुकड्यासाठी किंवा शेजारून गेलेल्या गाडीतलं गाणं अनवधानाने आलं म्हणून, कमाई वळवायला मनाई झाली. दाव्याचा भाग नेमका कुठून कुठवर आहे, ती वेळ देणंही बंधनकारक झालं. पण बहुसंख्य दावे यंत्र आपोआप लावतं आणि त्यांना ही मनाई लागू नाही.

हक्कधारकाकडे पोचलेला पैसाही एका खिशात राहत नाही. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, तो बहुधा कॅसेट-रेकॉर्ड कंपनीकडे असतो. दुसरा शब्द आणि चालीचा, तो गीतकार-संगीतकारांकडून प्रकाशकाकडे किंवा कंपनीकडे गेलेला असतो. म्हणून एकाच गाण्यावर दोन-तीन दावेदार दिसू शकतात. आपल्याकडे चित्रपटसंगीतात हे दोन्ही हक्क वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे एकवटलेले होते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा समान वाटा त्याला लिहून देऊनही सोडता येणार नाही, अशी तरतूद आली. त्यासाठी संसदेत जावेद अख्तरांनी किती हिरिरीने बाजू मांडली होती, ते अनेकांना आठवत असेल. यूट्यूबकडून निघालेला रुपया गाणं लिहिणाऱ्याच्या हातात पोचेपर्यंत त्यातून मध्यस्थांचं कमिशन जातं, कंपनीचा वाटा जातो, आणि नावाची नोंद चुकलेली असेल तर तो मधेच अडकतो. दावा लागला म्हणजे कलाकाराला न्याय मिळाला, असं गृहीत धरता येत नाही ते यामुळे.

वारीचा व्हिडिओ आणि कीर्तनाचा व्हिडिओ

हे सगळं आपल्या अंगणात आणून पाहू. समजा, सोलापूरच्या एका तरुणीने आषाढी वारीवर वीस मिनिटांचा व्हिडिओ केला. एका मुक्कामावर लाउडस्पीकरवर नामवंत गायकाचा अभंग लागला होता. तो मागे दीड मिनिट ऐकू येतो. अभंग तुकोबांचा, सतराव्या शतकातला. त्याच्या शब्दांवर आज कुणाचाही हक्क नाही. पण चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची आहे आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं आहे. आपल्या कायद्यात संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. पार्श्वभूमीला ओघाने आलेल्या चित्राला किंवा शिल्पाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ओघाने कानावर पडणाऱ्या गाण्याला तशी सूट दिलेली नाही. म्हणजे हा दावा बरोबर आहे. तो लढवण्यात तिचा वेळ आणि पैसा दोन्ही जातील.

तिच्यापुढचा खरा मार्ग यूट्यूब स्टुडिओतच आहे. व्हिडिओंच्या यादीत Restrictions या रकान्यात Copyright असं दिसतं. तिथे गेल्यावर कुणाचा दावा आहे, तो कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत आहे आणि कमाईचं काय झालं आहे, हे कळतं. तिथूनच तो दीड मिनिटाचा भाग कापता येतो, त्यातलं नुसतं गाणं बंद करता येतं किंवा त्याजागी यूट्यूबच्या मोफत संग्रहातलं दुसरं संगीत बसवता येतं. व्हिडिओचा पत्ता तोच राहतो, आजवरचे व्ह्यूज आणि प्रतिक्रियाही तशाच राहतात. बदल पक्का झाला आणि जुळणारा भाग उरला नाही, की दावा आपोआप सुटतो आणि तिथून पुढची कमाई तिची. मधल्या दिवसांची मात्र परत मिळत नाही. म्हणून हे काम पहिल्या दिवशी करायचं. व्हिडिओ चढवताना, तो प्रसिद्ध करण्याआधीच, यूट्यूब ही तपासणी करून दाखवतं. तेवढा वेळ थांबून निकाल पाहिला, तर एक दिवसही वाया जात नाही.

आता दुसरा व्हिडिओ. समजा, नगर जिल्ह्यातल्या एका कीर्तनकार बुवांचं चॅनल आहे. बुवा तोच अभंग स्वतःच्या गळ्यातून, पेटी-पखवाजाच्या साथीवर, वारकरी परंपरेतल्या जुन्या चालीत गातात. यंत्रणेला तो एखाद्या कंपनीच्या मुद्रणासारखा वाटतो आणि दावा लागतो. शब्द सर्वांचे, चाल परंपरेची, आवाज बुवांचा. हा दावा चूक आहे आणि इथे हरकत घ्यायलाच हवी. पण किती दिवसांत घेतली, यावर सगळा हिशेब फिरतो.

समजा, दावा एक तारखेला लागला. व्हिडिओ ताजा आहे आणि दशमी-एकादशीच्या आसपास तो सगळ्यात जास्त पाहिला जातो. पहिल्या आठ दिवसांत त्यावर जाहिरातींचं एकूण उत्पन्न १६,००० रुपये झालं आणि महिन्याच्या उरलेल्या दिवसांत ४,०००. बुवांचा ५५ टक्के वाटा पहिल्या आठ दिवसांचा ८,८०० आणि नंतरचा २,२००, असा मिळून ११,००० रुपये होतो.

दावा लागल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतली, तर यूट्यूब दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचा पैसा बाजूला काढून ठेवतं. तो ना बुवांना मिळतो ना कंपनीला. निकाल बुवांच्या बाजूने लागला, की ११,००० रुपये पूर्ण त्यांना मिळतात. हीच हरकत नवव्या दिवशी घेतली, तर पैसा बाजूला पडायला नवव्या दिवसापासून सुरुवात होते. आधीच्या आठ दिवसांचा दावेदाराचा झालेला असतो. बुवा पुढे जिंकले तरी त्यांच्या हाती २,२०० रुपयेच येतात. बहुतेक व्हिडिओंची कमाई पहिल्या काही दिवसांतच होते. त्यामुळे उशिरा मिळालेला विजय पुष्कळदा कागदावरचाच असतो.

हरकतीनंतर दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस असतात. तो गप्प बसला तर दावा गळून पडतो आणि बाजूला ठेवलेली रक्कम बुवांना मिळते. त्याने हरकत फेटाळली, तर बुवांना अपील करता येतं. तेही पाच दिवसांच्या आत केलं, तरच रक्कम अडवलेली राहते. एरवी ती दावेदाराला देऊन टाकतात. अपिलाला उत्तर द्यायला दावेदाराला सात दिवस मिळतात. या टप्प्यावर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक तर दावा सोडायचा, नाहीतर व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर कायदेशीर मागणी करायची. त्याने ती मागणी केली आणि ती वैध ठरली, तर व्हिडिओ जातो आणि बुवांच्या चॅनलवर स्ट्राइक येतो. मग बुवांना प्रतिनोटीस द्यावी लागते. त्यानंतर अमेरिकेतल्या कामकाजाच्या दहा दिवसांत दावेदाराने न्यायालयात धाव घेतल्याचं दाखवलं नाही, तर व्हिडिओ परत येतो.

म्हणजे जोखीम सुरुवातीला जवळपास नसते आणि पायरीगणिक वाढत जाते. आपली बाजू खरी असेल तर पहिली हरकत घ्यायला कचरू नये आणि बाजू लंगडी असेल तर अपिलापर्यंत जाऊ नये. बाजू खरी आहे की नाही, हे ठरवताना ‘श्रेय दिलं आहे’, ‘व्हिडिओ फुकट आहे’, ‘गाणं मी विकत घेतलं आहे’ ही कारणं चालत नाहीत. चालतात ती अशी: माझा आवाज आहे, हक्काची मुदत संपलेली आहे, माझ्याकडे लेखी परवाना आहे, किंवा मी त्या कलाकृतीचं समीक्षण करतो आहे आणि त्यासाठी लागेल तेवढाच तुकडा घेतला आहे.

चूक कशी ओळखायची?

यंत्रणा ठसा ओळखते, हक्क ओळखत नाही. ऑस्ट्रेलियातले संगीत-तंत्रज्ञ सेबॅस्टियन टॉमचक यांनी नुसत्या खरखरीचा, म्हणजे व्हाइट नॉइजचा, दहा तासांचा व्हिडिओ स्वतः तयार करून टाकला होता. २०१८ च्या सुरुवातीला त्यावर पाच दावे लागलेले होते. खरखर विकणाऱ्या इतरांना या खरखरीत आपली खरखर दिसली होती. शास्त्रीय संगीत, पावसाचा आवाज, तानपुऱ्याचा षड्ज, परंपरेतल्या आरत्या, जिथे अनेकांची निर्मिती स्वभावतःच सारखी वाजते, तिथे चुकीचे दावे जास्त लागतात. दावेदाराचं नाव कधीच न ऐकलेलं असेल, दाव्यातलं गाणं उघडून ऐकल्यावर ते आपल्यापेक्षा वेगळं निघालं किंवा सगळ्यांना उपलब्ध असलेल्या मोफत संगीतावरच कुणी हक्क सांगत असेल, तर शंका घ्यावी.

चुकीपलीकडे लबाडीही झालेली आहे. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात मीडियामव्ह नावाच्या कंपनीच्या दोघांनी २०१७ पासून लॅटिन अमेरिकी संगीतातल्या पन्नास हजारांहून जास्त गाण्यांवर आपला हक्क असल्याचं खोटंच सांगितलं. त्यांना कंटेंट आयडी थेट वापरता येत नव्हतं, म्हणून ते वापरण्याचा अधिकार असलेल्या एका मध्यस्थ कंपनीशी त्यांनी करार केला आणि शंका आल्यावर बनावट कागदपत्रं पुढे केली. ज्या गाण्यांवर कुणी हक्क सांगितलेला नव्हता, अशी गाणी त्यांनी हेरली होती. पकडले जाईपर्यंत दोन कोटींहून जास्त डॉलर त्यांच्या खात्यात गेले. २०२१ मध्ये त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं, दोघांनी गुन्हा कबूल केला आणि २०२३ मध्ये त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. चार वर्षं हे चाललं, कारण कमाई वळवणाऱ्या दाव्यात व्हिडिओ दिसत राहतो. तो बंद पडला असता तर आरडाओरड झाली असती. पैसा तेवढा हलला आणि बहुतेकांच्या ते लक्षातच आलं नाही.

याच कारणाने एकूण दाव्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी दाव्यांवर हरकत घेतली जाते. आणि ज्यांवर घेतली जाते, त्यांतल्या साठ टक्क्यांहून जास्त प्रकरणांचा निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागतो. बाकीचे सगळे दावे चूक आहेत असा याचा अर्थ काढता येणार नाही. ज्यांना आपली बाजू खरी वाटते तेच बहुधा पुढे येतात. पण खरी बाजू असूनही स्ट्राइकच्या भीतीने गप्प बसणारे कीर्तनकार, शाहीर, तबलावादक आपल्याकडे आहेत आणि त्यांचं नुकसान त्यांच्या शांततेतून होतं, हे मात्र यातून नक्की कळतं.

दुसऱ्याचं गाणं वापरलं तर त्याला पैसा मिळायला हवा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. गाणं बांधणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवलेला आपला समाज आहे. माझा आक्षेप दीड मिनिटासाठी वीस मिनिटांची मेहनत घेण्याला आहे. वाटणी करता येत नाही, हे कारण पटण्यासारखं नाही, कारण ती करून दाखवलेली आहे. काही कव्हर गाण्यांत, संगीत प्रकाशकाची तयारी असेल तर, गाणाऱ्या चॅनललाही वाटा मिळतो. अमेरिकेतल्या चॅनलांसाठी आणलेल्या क्रिएटर म्युझिक या सोयीत, वाटणी मान्य असलेलं एक गाणं लांब व्हिडिओत वापरलं, तर निर्मात्याचे ५५ टक्के निम्मे होऊन साडेसत्तावीस उरतात आणि त्यातून संगीतहक्कांचा थोडा जादा खर्च वजा होतो. म्हणजे हिशेब मांडणारं यंत्र तयार आहे, पण ते आपल्याकडच्या निर्मात्यांपर्यंत आलेलं नाही. मराठी संगीताचे संग्रह ज्या कंपन्यांकडे आहेत, त्यांनी आणि यूट्यूबने मिळून ही सोय इथे आणली, तर वारीचा व्हिडिओ करणाऱ्या मुलीला गाणं पुसून टाकावं लागणार नाही आणि चाल बांधणाऱ्या संगीतकाराच्या वारसांनाही त्यांचं मिळेल. तोवर दावा आल्याची सूचना दिसली, की ती उघडून वाचायची आणि आपण खरे असू तर पाचवा दिवस मावळायच्या आत हरकत नोंदवायची.